कोरडं घड्याळ

सासरा आणि सून एकाच टेबलावर काम करतात म्हटलं की लोकांना कौतुक वाटायचं. कौतुक करणाऱ्यांनी त्या टेबलावर तासभर बसून दाखवावं. दोन टोकांना दोन खुर्च्या, मध्ये एक दिवा, आणि दिवसभरात एकमेकांशी बोलणं म्हणजे एक तर टोमणा, नाही तर चिमटा कुठे गेला याची चौकशी. मामंजींनी तिला घड्याळाचं काम शिकवलं होतं हे खरं. पण मुलगा हाताशी आला नाही, गावोगाव औषधं विकत फिरायला लागला, म्हणून नाइलाजाने शिकवलं होतं. ते उपकार रोज बोलून दाखवायचे, आणि ती रोज ऐकून घ्यायची. ऐकून घ्यायची म्हणजे पोटात साठवायची. तिच्या पोटात एव्हाना पुष्कळ साठलं होतं.

त्या दिवशी दवाखान्यातली मोठी नर्स दुकानात शिरली ती तावातावानेच. तिने मनगटावरचं घड्याळ काढून काचेवर आपटलं.

"मास्तर, हे घड्याळ आहे की घोडा? सकाळी लावलं तर संध्याकाळपर्यंत दहा मिनिटं पुढे! मी पेशंटची नाडी मोजते याच्यावर."

हे घड्याळ सुनेनेच नीट केलं होतं. पहिल्यांदा आणलं तेव्हा ते उलट मागे पडत होतं. रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद सापडायचं, चावी देताना बोटाला वाळू लागल्यासारखी खरखर लागायची, आणि हात धुतले की काचेला आतून वाफ धरायची. तेव्हाही नर्स म्हणाली होती, चालतंय ना, मग उघडायचं कशाला? सुनेने तिला सांगितलं होतं, "बाई, बंद पडलेलं घड्याळ झिजत नाही. आतलं तेल सुकलेलं असताना चालत राहतं, ते झिजतं. चाकांची टोकं केसाएवढी असतात, ती घासून गेली की मग चाकच बदलावं लागतं." नर्सला पटलं होतं. आणि आता हे.

"सूनबाईंचं काम आहे," मामंजी मान न वळवता, नर्सला नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "पावसाळ्यापासून हे चौथं परत आलंय. मी किती वर्षं बसलोय इथे, एक घड्याळ परत आलं असेल तर नाव बदलीन. पहिल्या तारखेपासून भाचा बसेल या खुर्चीवर. ही पट्टे बदलेल पुढे काउंटरवर."

गिऱ्हाइकासमोर! तिचे कान तापले. भाचा म्हणजे मामंजींच्या बहिणीचा मुलगा. त्याला बॅटरी घालता येत होती आणि गोड बोलता येत होतं, दुसरं काही नाही. त्याच्यासाठी ही खुर्ची? जिच्यावर बसून तिची मान आखडली, डोळ्याला भिंगाची खूण पडली, ती? हे टेबल गेलं तर तिच्याकडे या घरात स्वतःचं म्हणावं असं काहीच उरत नव्हतं. भांडीसुद्धा सासूच्या वेळची होती.

"ठेवून जा," ती नर्सला म्हणाली. "पुन्हा पूर्ण खोलते. पैसे नाहीत याचे."

"अगं बाई, दुकान काय धर्मादाय आहे?" मागून आलंच.

तिने मागचं झाकण फिरवून काढलं आणि घड्याळ मशिनवर ठेवलं. हे मशीन घड्याळाची टिकटिक ऐकून ते किती पुढे-मागे जातंय ते दाखवतं. रेषा पडद्यावर सरळ जायची सोडून सैरावैरा धावत होती. तिने भिंग लावलं. डोलणाऱ्या चाकावरच्या केसासारख्या नाजूक स्प्रिंगचे वेढे एकमेकांपासून सुटे राहून श्वास घेतात तसे उघडमीट करायला हवेत. इथे दोन वेढे चिकटले होते. स्प्रिंगचा तेवढा तुकडा कामातून गेला, स्प्रिंग आखूड झाली, म्हणून घड्याळ पळत होतं. आणि वेढे चिकटवले होते तेलाने.

तिला आधी स्वतःचाच राग आला. मग संशय आला.

तिने मुख्य स्प्रिंगचा ताण हळूहळू सोडला. ताण न सोडता चाकं काढायला गेलं तर ती दात तोडून घेतात. तबकडीवर कागद ठेवून काटे उचलले, तबकडी काढली. आधी डोलणारं बॅलन्स चाक, मग त्याला धक्का देणारा तो दोन शिंगांचा पॅलेट, मग चाकांची रांग, शेवटी स्प्रिंगचा डबा. एकेक भाग आपापल्या खणात. पॅलेटची टोकं ज्या लाल खड्यांत फिरतात ते खडे तेलाने डबडबले होते. तिथे ती तेल कधीच घालत नसे. कोणताच शहाणा कारागीर घालत नाही. पॅलेट नुसता इकडून तिकडे झटका मारतो, त्याला तेल म्हणजे चिखल. हे तिला शिकवलं होतं मामंजींनीच, बोटावर चिमट्याचा फटका मारून.

म्हणजे तिच्या हाताने हे झालं नव्हतं.

तिने सगळे भाग जाळीच्या डब्यात घालून धुण्याच्या मशिनमध्ये सोडले, दोनदा स्वच्छ द्रावणातून काढले, गरम हवेवर वाळवले. लाकडी काडीला टोक काढून एकेका खड्याच्या भोकात फिरवली, काडी काळी येईनाशी होईपर्यंत. प्रत्येक चाकाचं टोक भिंगाखाली पाहिलं. कुठे चरा नव्हता, नर्सचं नशीब. नवी मुख्य स्प्रिंग तिच्या डब्यात बसवली. जड, संथ चाकांना जाड तेल, भरभर फिरणाऱ्यांना पातळ, पॅलेटच्या धक्का खाणाऱ्या कडांना सुईच्या टोकाएवढं. पॅलेटच्या खड्यांना काही नाही. मशिनवर घड्याळ पालथं, उताणं, चावी वर, चावी खाली असं सगळ्या बाजूंनी धरून पाहिलं. रेषा शहाण्या मुलासारखी सरळ गेली. घड्याळाच्या पेटीला बसवायची नवी रबरी कडी काढून ठेवली, म्हणजे वाफ शिरायला नको.

पण तिने घड्याळ पेटीत बंद केलं नाही. उघडंच, काचेच्या झाकणाखाली ठेवलं. रात्रभर चालवून बघायची तिची पद्धतच होती. मामंजींनाही ती ठाऊक होती.

शटर उघडायचा मान मामंजींचा. किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली तर दुकान बुडेल असा त्यांचा समज होता. रोज ते तिच्या आधी यायचे. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या मागोमाग आली. शटर अर्धं वर होतं. ती वाकून आत शिरली.

मामंजी तिच्या खुर्चीवर बसले होते. काचेचं झाकण बाजूला होतं, दिवा लावलेला होता, आणि तेलाची सुई हातात धरून ते नर्सच्या घड्याळातल्या एकेका लाल खड्याला थेंब लावत होते. हात सवयीने बरोबर जागी जात होता. कुठे थांबायचं ते मात्र त्याला कळत नव्हतं.

"काय चाललंय हे?"

ते दचकले नाहीत. उलट खेकसले, "तुझं निस्तरतोय! रोज सकाळी निस्तरतो. ठणठणीत कोरडं सोडतेस घड्याळ. मी शिकवलं असं? एका खड्यात तेलाचा टिपूस दिसत नाही. माझं नाव जाईल म्हणून गपचूप घालत होतो. तू म्हणे कारागीर!"

तिच्या पोटातलं सगळं एकदम वर आलं. "तुम्ही घालता म्हणून घड्याळं परत येतात! चारही! माझं तोंड काळं करून वर भाच्याला बसवायला निघालात!"

"आवाज खाली! तेल असतं तर दिसलं नसतं का मला?"

एवढ्यात शटरखालून भाचा आला, हातात जेवणाचा डबा, तोंडावर हसू. भांडण ऐकून हसू तोंडावरच राहिलं. तिला वाटलं, बरं झालं, साक्षीदार आला. आज याचा निकालच लावते.

तिने एक जुनी घड्याळाची काच उचलली, त्यावर जाड तेलाचा चांगला मुगाएवढा थेंब टाकला आणि मामंजींसमोर दिव्याखाली धरली.

"लावा भिंग. सांगा, तेल आहे का यावर?"

त्यांनी भिंग लावलं. काच जवळ घेतली, लांब नेली, तिरकी केली. दिवा ओढून घेतला.

"नाही," ते म्हणाले. "कोरडी आहे. खेळ कसले करतेस सकाळी सकाळी?"

भाच्याने त्या थेंबाकडे पाहिलं, मग मामाकडे, आणि डबा छातीशी धरून तो नुसता उभा राहिला.

"बोट लावा," ती म्हणाली.

त्यांनी अंगठा टेकवला. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, पुन्हा चोळलं. बोटांना सगळं कळत होतं.

"जाड आहे," ते म्हणाले. "स्प्रिंगच्या डब्याला घालतात ते."

जिंकल्यावर काय काय ऐकवायचं, ते तिने अंथरुणात पडल्या पडल्या कितीदा घोकलं होतं. राग होता तिथेच होता, पण आता तो टाकायला समोर कोणी उरलं नव्हतं. याचाच तिला जास्त राग आला.

मामंजींनी भिंग काढलं, फडक्याने पुसलं आणि तिच्या खणात ठेवलं. स्वतःच्या नव्हे. टेबलाची कड धरत धरत ते काउंटरच्या बाहेर गेले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. मग मनगटावरचं घड्याळ सोडून त्यांनी काचेवर ठेवलं. स्वतःच्या लग्नापासून त्या घड्याळाला त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता.

"उघड ते. मागे पडतंय. दर रविवारी तेल घालतो तरी मागे पडतंय."

तिने झाकण फिरवलं. आत बघायला भिंग लागलं नाही. सगळं घड्याळ तेलात बुडालं होतं.

"कोरडं आहे ना?" त्यांनी विचारलं.

भाचा तिला डोळ्यांनी खुणावत होता, हो म्हण. भाच्याला गोड बोलता येत होतं.

"नाही," ती म्हणाली. "तेलात पोहतंय. पूर्ण खोलावं लागेल. पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवस! लूट आहे." ते उठले. भाच्याकडे वळून म्हणाले, "तू कशाला उभा राहिलास खांबासारखा? तुझं काही काम नाही इथे." मग शटरपाशी थांबून, तिच्याकडे न बघता, खिशातली किल्ली मुठीत आवळत त्यांनी बजावलं, "आणि हे शटर मात्र मीच उघडणार. समजलं?"

ती खुर्चीवर बसली आणि नर्सचं घड्याळ तिसऱ्यांदा खोलायला घेतलं.

"समजलं," ती म्हणाली. "पण टेबलावरचा दिवा लावू नका."