आरशातली पाटी आणि उजवा गाल

माझी मुलगी त्या दिवशी लोखंडी कपाटाच्या आरशासमोर नऊवारी नेसून उभी होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याची पाटी. पाटीवर काळ्या स्केचपेनने तिचं नाव आणि खाली ‘ग्वाल्हेर’. ती पाटी गळ्यापाशी धरून फोटो काढायचा असतो, म्हणजे शंभर मुलींच्या फोटोंमधून कोण कुठली ते साडीवाल्यांना कळतं. मॉडेलिंगच्या धंद्यात तशीच रीत आहे म्हणे. मला तर ते पोलीस ठाण्यातल्या फोटोसारखं दिसत होतं, पण मी तोंड आवळून बसले. त्या दिवशी तिला उलट बोलायची माझी छाती नव्हती.

कारण दोन वर्षांनी तिने स्वतःहून फोटो पाठवायची तयारी दाखवली होती. त्या दोन वर्षांआधी बरं चाललं होतं. बाड्यावरच्या, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या बाजारातल्या, साडीवाल्यांची, दागिनेवाल्यांची छोटीमोठी कामं मिळायची. मग एका थंडीत सकाळी उठली ती डावीकडून तोंड वाकडं होऊन. डोळा मिटेना, चूळ भरली की पाणी ओठातून गळायचं. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, उतरेल. उतरली हो. पण सगळी नाही. हसली की डावा कोपरा थोडा मागे राहतो. व्यायाम सांगितला होता आरशासमोर बसून करायचा. गाल फुगव, शीळ घाल, भुवया उचल. ती पोरगी त्या आरशासमोर इतकी बसली की मला त्या कपाटाचा राग यायला लागला. आणि माझ्याशी बोलताना मात्र ओढणी तोंडाशी घेऊन बोलायची. जेवायला बसली तरी भिंतीकडे तोंड.

नऊवारीच्या कॅटलॉगसाठी मराठी मुलगी हवी, असा निरोप महाराष्ट्रातल्या एका साडीवाल्या बाईंकडून आला, तेव्हा तिनेच हो म्हटलं. म्हणाली, “आई, ये आखिरी बार. नाही झालं तर मी पुन्हा कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहणार नाही, और तू भी बोलना मत.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अटी अशा: पूर्ण उंचीचा फोटो, पाटी वाचता आली पाहिजे, मेकअप नाही, आणि फोटोवर मागाहून काहीही कारागिरी केलेली चालणार नाही. मी म्हटलं, दे फोन, मी काढते. तर म्हणे, “नको. आधीही तू काढायचीस तेव्हा माझा चेहरा चांगला यायचा नाही.” आरशातच काढला. फोनचा मागचा कॅमेरा आरशाकडे धरून. दुपारी पाठवला.

थोड्या वेळाने बाईंचा फोन आला. फोन स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं.

“अहो, पाटी उलटी आलीय, काहीच वाचता येत नाही. आणि नथ उजव्या नाकात? पदर उजव्या खांद्यावर? तुम्ही मराठी आहात ना नक्की? आम्हाला नऊवारी नेसता येणारी मुलगी हवी आहे. संध्याकाळपर्यंत नीट फोटो पाठवा, नाहीतर दुसरी एक मुलगी आहे आमच्याकडे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमची पिढ्यान् पिढ्यांची नथ डाव्या नाकात, आणि ही बाई आम्हालाच विचारते मराठी आहात का! पण फोटो बघितला तर खरंच की. माझ्यासमोर पोरगी उभी, नथ डावीकडे. फोटोत मात्र उजवीकडे. ‘ग्वाल्हेर’चा सगळा शब्द तिकडून इकडे चालत आलेला, काने अक्षरांच्या भलत्याच बाजूला. डोक्यावरची रेघ तेवढी वरच्या वर होती.

मुलगी म्हणाली, “आरशाचा फोटो आहे ना, म्हणून. पलटवायचं बटण असतं, पण ती एडिटिंग झाली. पकडतील.”

आता मी ब्लाउजवर भरतकाम करते. नावं भरायची असली की ट्रेसिंग पेपरवर नाव काढायचं, कागद पालथा घालायचा, मागून गिरवायचं. उलटी अक्षरं काढणं माझ्या हातचा मळ. मी म्हटलं, “एवढंच ना? मी पाटीच उलटी लिहिते. आरसा उलटं करतो, उलट्याचं सुलट होईल.” आणि बसले लिहायला. फार ऐटीत बसले हो. तिचं नाव ट्रेसिंग पेपरवर लिहिलं, पालथं घातलं, नव्या पुठ्ठ्यावर उतरवलं. नथेचं काय, पदराचं काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिच्या आलं. तोवर तिने फोनवर एका मैत्रिणीला विचारून घेतलं होतं. मैत्रीण म्हणाली, पुढचा कॅमेरा वापर, तो आपणच पलटवतो, त्याने नथ जागेवर येईल. मला तेव्हा दोघींचं बोलणं माहीत नव्हतं, तिला माझी पाटी उलटी का आहे ते माहीत होतं, पण दोन्ही उपाय एकमेकांना खातील हे कुणालाच सुचलं नाही. तिने फोनचा पडदा आरशाकडे केला, पडद्यावरचंही आरशातूनच बघितलं, तिथे पाटी सुलट दिसत होती. खटकन फोटो काढला.

फोटो उघडला आणि ती ओरडली.

मला वाटलं पाटी बिघडली. पाटी बिघडलीच होती. नथ डावीकडे आली होती, पदर डाव्या खांद्यावर आला होता, आणि माझी मेहनतीची अक्षरं पुन्हा उलटीच. पण ती पाटीकडे बघतच नव्हती.

“आई, परत झालं! आता उजवा गाल गेला! बघ, बघ ना, उजवीकडून वाकडं झालंय!”

ती आरशाकडे धावली. गाल दाबून बघितला. हसून बघितलं. पुन्हा फोटो, पुन्हा आरसा. फोन पलंगावर टाकला. मग जमिनीवरच बसली, नऊवारीसकट, आणि कपाळ गुडघ्यांवर ठेवून रडायला लागली. “बस, मम्मी, बस. मुझसे नहीं होगा.” लहानपणापासून मला आई म्हणणारी पोर घाबरली की मम्मी म्हणते. मलाही क्षणभर खरंच वाटलं की नस पुन्हा सुजली. देवा, पुन्हा नको, एवढंच मनात आलं.

मी तिची हनुवटी धरून चेहरा वर केला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने तो धरू दिला, रडण्याच्या भरात. नीट बघितलं. डावा कोपरा थोडा मागे, रोजच्याइतकाच. उजवा गाल ठणठणीत. मग फोटो बघितला. फोटोतही तेच होतं. मला तर त्यात नवीन काहीच दिसेना.

“अगं, हा तर तुझाच चेहरा आहे. रोजचा.”

“नाही! माझा असा नाही. माझं वाकडं इस तरफ़ आहे.” तिने आरशाकडे बोट दाखवलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती स्वतःला फक्त आरशात बघत आली होती. आणि फोनमध्ये? मी विचारलं. तर म्हणे, सेल्फी पडद्यावर दिसते तशीच ठेवायची, असं एक सेटिंग असतं, ते तिने पहिल्यापासून चालू ठेवलेलं. म्हणजे फोनसुद्धा तिला आरशातलाच चेहरा परत द्यायचा. आज तोच फोन आरशासमोर धरला, तर एकदा आरशाने फिरवलं, एकदा सेटिंगने फिरवलं, आणि निघाला तो खरा, सरळ चेहरा. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने तो बघितला आणि तिला तो दुखणं वाटला.

सांगून पटेना. मग मी तो ट्रेसिंग पेपर घेतला, तिच्या नावाचा. “ऊठ. आरशासमोर उभी राहा. कागद असा धर की तुला नाव नीट वाचता येईल. आता कागदाच्या वरून आरशात बघ.”

तिने बघितलं. आरशातही नाव सरळच होतं.

“मग उलटं कोण करतं?” मी म्हटलं. “आता पुठ्ठ्याची पहिली पाटी घे. वाचता येते? आता ती आरशाला दाखव.” तिने पाटी गरकन फिरवून आरशाकडे केली आणि फिरवता फिरवताच थांबली.

“मीच फिरवते,” ती म्हणाली.

“हो. पुठ्ठ्यातून आरपार दिसत नाही म्हणून तुला फिरवावी लागते. आरसा बापडा समोर येईल तसं दाखवतो. डावं डावीकडेच ठेवतो. आणि समोरून बघणारं माणूस मात्र वळून तुझ्याकडे तोंड करून उभं असतं, तुझी डावी बाजू त्याच्या उजव्या हाताला येते. ती बाई तशीच बघणार. मी तशीच बघते.”

तिने फोन घेऊन तो फोटो पुन्हा बघितला. मग हळूच म्हणाली, “तू मला अशी बघतेस? या फोटोसारखी? रोज?”

“जन्मलीस तेव्हापासून.”

“आणि तुला वाकडं वाटत नाही?”

खोटं बोलायचं मनात आलं. पण म्हटलं, “डावा कोपरा मागे राहतो थोडा. राहू दे. मला तो नसला तर चुकल्यासारखं होईल आता.”

बाहेर उन्हं उतरली होती. ती उठली, निऱ्या सारख्या केल्या, तोंड धुतलं, फोन माझ्या हातात दिला आणि कपाटाकडे पाठ करून उभी राहिली. पाटी सुलट, पहिली. मी मागच्या कॅमेऱ्याने समोरून फोटो काढला. नाव वाचता येत होतं, नथ डावीकडे, पदर डाव्या खांद्यावर. ती हसली तेव्हा कोपरा मागे राहिला. मी म्हटलं, दुसरा काढू? म्हणाली, नको. आणि पाठवला.

उत्तर यायला फार वेळ लागला नाही. ‘आता पाटी नीट आहे. पण उशीर झाला, दुसऱ्या मुलीला सांगितलं आहे. पुढच्या वेळी पहिलाच फोटो असा पाठवा.’

मी त्या बाईला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की सांगायची सोय नाही. त्या माझ्या उलट्या पाटीचे तर मी तुकडे तुकडे केले. माझ्या शहाणपणात तासभर गेला नसता तर कदाचित पोरीचं काम झालं असतं, हे आजही मला खातं. शर्तही आठवत होती, आखिरी बार. मी तिच्याकडे बघायचं टाळत नऊवारीच्या टाचण्या वेचत बसले.

ती आत गेली. साडी बदलून सलवार-कमीज घालून आली, हातात टिकल्यांचं पाकीट. मला वाटलं कपाटाकडे जाईल, जन्माची सवय. पण ती माझ्यासमोर येऊन बसली. ओढणी गळ्यात होती, तोंडावर नव्हती.

“चल, बाड्यावर जाऊ. काहीतरी खाऊ,” ती म्हणाली. कपाळाला टिकली लावली, आरशाशिवाय, आणि उजेडात पूर्ण चेहरा माझ्याकडे केला.

“बघ गं आई. मधोमध आहे का?”