वनिताच्या नावावरची गाडी

ती जाहिरात मीच लिहिली होती. आमचं किराणा दुकान धारवाडला, केलगेरीच्या वाटेवर. गिऱ्हाइकं फोनवरच यादी सांगू लागली, तेव्हा माझे यजमान श्रीकांत म्हणाले, दोन माणसं ठेवूया. मी व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत आणि कन्नडमध्ये टाकलं: ‘घरपोच सामान पोचवायला माणसं पाहिजेत. भाग केलगेरी आणि आसपास. पाळी सकाळी सात ते बारा किंवा संध्याकाळी चार ते नऊ. महिना आठ हजार, वर प्रत्येक ऑर्डरला पंधरा रुपये, पेट्रोल वेगळं. स्वतःची दुचाकी, लायसन्स, आरसी, चालू विमा हवा.’

दुसऱ्याच दिवशी वनिता आली. ब्लाउज शिवणारी, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. सकाळची पाळी द्या म्हणाली. कागद दाखवले. लायसन्स तिचं, पण आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, मयूरच्या नावावर. मयूर तिचा एकुलता मुलगा. आषाढात डेंग्यूनं गेला, चोविसाव्या वर्षी. स्कूटर त्यानं पहिल्या नोकरीवर घेतली होती आणि तळ्याकाठच्या रस्त्यावर आईला शिकवून, मागं लागून तिचं लायसन्सही काढवलं होतं.

श्रीकांत तिला हळूच म्हणाले, गाडी तुमच्या नावावर करून घ्या. उद्या रस्त्यात काही झालं, तर विमावाले हात वर करतील. पाळी तुमच्यासाठी ठेवतो.

ती कागद पिशवीत घालून गेली. आठवडाभर आलीच नाही. नागेश नावाचा एकजण दोन्ही पाळ्या मागत होता. त्याला संध्याकाळची दिली आणि मी तिच्या घरी गेले. कागद जमवले होते तिनं. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, सगळं. फक्त अर्जावर सही नव्हती.

“अक्का, त्याचं नाव मी माझ्या हातानं काढू?”

 मी तिच्याजवळ बसले. शेवटी तिनं सही केली.

आरटीओत मीही गेले. कारकुनानं कन्नडमध्ये विचारलं, हा तुमचा कोण? मुलगा, म्हणाली. मग त्यानं जुनं आरसी कार्ड मागितलं. वनितानं ते पुढं केलं, पण सोडेना.

“हे माझ्याकडं राहू दे का?”

जमा करावं लागतं, तो म्हणाला. आवाज त्याचाही उतरला होता. तिनं कार्डावरच्या नावावरून अंगठा फिरवला आणि बोटं सैल केली.

नवं कार्ड आलं, विमाही तिच्या नावावर झाला, तशी ती कामाला लागली. पहिल्या दिवशी अकरा घरं केली, एकही चूक नाही. बाराला परत आली, पिशव्या जागेवर ठेवल्या आणि तांदळाच्या पोत्यांआड जाऊन रडली. श्रीकांतनी गिऱ्हाइकांना बाहेरच थांबवलं.

आता सहा महिने झाले. गिऱ्हाइकं तिलाच पाठवा म्हणतात. घर चालतं तिचं. जाहिरातीत मी काही चुकीचं लिहिलं नव्हतं, हे मला पटतं. तरी तिच्या हातातून ते कार्ड सुटताना मी पाहिलंय, आणि ते मला विसरता येत नाही.