‘सांगता येत नाही’ हे उत्तर

यवतमाळच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते, तिथे जुलैत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे फॉर्म भरले जातात. वर विषय, मध्ये गटातली नावं, खाली गाइडची सही. त्या दिवशी तपासणीसाठी कमिटी येणार म्हणून सगळा विभाग पळत होता. मी उभ्या उभ्या अकरा फॉर्मवर सह्या केल्या. त्यातल्या एकावर लिहिलं होतं: ‘कोणताही प्रोग्रॅम थांबेल की कायमचा फिरत राहील, हे अचूक सांगणारी प्रणाली.’

मी थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन शिकवते. असा प्रोग्रॅम कुणालाच, कधीच लिहिता येणार नाही, हे सिद्ध झालेलं आहे, आणि ती सिद्धता दरवर्षी मीच फळ्यावर लिहिते. तरी सही करताना माझी नजर त्या ओळीवरून नुसती सरकून गेली.

फॉर्म आणणारी मुलगी दारव्ह्यापलीकडच्या एका बंजारा तांड्यावरून रोज एसटीने यायची. गटात चौघी होत्या, काम हीच करायची. विषय तिला लॅबमध्ये सुचला होता. पहिल्या वर्षाच्या मुलांचे प्रोग्रॅम कधी कधी चालू होतात आणि थांबतच नाहीत. स्क्रीन तशीच राहते, आणि पोरं विचारतात, “मॅडम, अजून थांबू का बंद करू?” तिचं म्हणणं, हे आधीच कळलं पाहिजे. प्रोग्रॅमची फाइल आणि त्याला द्यायची माहिती टाकली, की उत्तर यावं: थांबेल किंवा थांबणार नाही.

डिसेंबरपर्यंत तिचं काम खरंच छान झालं. फेऱ्या मोजणारा आकडा वाढवायलाच कुणी विसरलं असेल, तर ती न संपणारी फेरी तिचा प्रोग्रॅम बरोबर पकडायचा. लॅबमधले जुने सगळे प्रोग्रॅम तिचे तपासून झाले होते. दर आठवड्याला ती वही घेऊन यायची, मी ‘प्रगती समाधानकारक’ लिहून सही करायची. माझ्याकडे असे अकरा प्रोजेक्ट होते. चालतंय ना, एवढंच मी बघत होते.

फेब्रुवारीत ती एक कागद घेऊन आली. पहिल्या वर्षाच्या कुणीतरी लिहिलेला सात ओळींचा प्रोग्रॅम.

“मॅडम, हा एकच अडून राह्यला. कोणता नियम लावावा ते समजून नाही राह्यलं मले.”

मी वाचला. एक आकडा घ्यायचा. सम असेल तर निम्मा करायचा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवायचा. एकावर आला की थांबायचं. सहा दिला तर थोड्याच पायऱ्यांत एकावर येतो. सत्तावीस दिला तर नऊ हजारांच्या वर चढतो आणि एकशे अकराव्या पायरीला एकावर उतरतो. कोणताही आकडा दिला तरी शेवटी एक येतोच का, हे आजपर्यंत कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. त्या क्षणी मला तो फॉर्म दिसला, त्यातला ‘कोणताही’ हा शब्द आणि ‘अचूक’ हा शब्द.

“बस,” मी म्हटलं. “मला तुला एक सांगायचंय. आधी सांगायला पाहिजे होतं.”

वर्ग रिकामा होता. मी फळ्याकडे गेले.

“तुझा प्रोग्रॅम पूर्ण झाला असं समज. कोणतीही फाइल दे, कोणतीही माहिती दे, तो न चुकता सांगतो. आता तुझाच प्रोग्रॅम वापरून मी दुसरा लिहिते. त्याला उलटा म्हणू. उलट्याला एखाद्या प्रोग्रॅमची फाइल दिली, की तो आधी तुझ्या प्रोग्रॅमला विचारतो: या प्रोग्रॅमला त्याचीच फाइल माहिती म्हणून दिली तर तो थांबेल का? तुझा म्हणाला, थांबेल, तर उलटा मुद्दाम कायमचा फिरत बसतो. तुझा म्हणाला, थांबणार नाही, तर उलटा तिथल्या तिथे थांबतो. लिहिता येईल ना असा?”

“येईल. चार ओळीचं काम आहे.”

“मग उलट्याला उलट्याचीच फाइल दे. काय होईल?”

ती फळ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते.

“माह्यानं सांगतलं थांबन, तर तो फिरन. माह्यानं सांगतलं नाही थांबणार, तर तो थांबन.” मग ती म्हणाली, “म्हंजे काही बी सांगतलं तरी माहाच खोटा.”

“आणि उलट्यात तर काहीच गडबड नाही. चार ओळी आहेत. मग खोट कशात?”

“माह्यात.” तिने मान खाली घातली. “असा प्रोग्रॅमच होऊ शकत नाही.”

ती लगेच हरली नाही. म्हणाली, “दहा मिनिटं चालवून पाहू. नाही थांबला तर फिरून राह्यला म्हणू.” मी म्हटलं, अकराव्या मिनिटाला थांबला तर? किती वेळ थांबलं म्हणजे पुरे, हे सांगणारा आकडा आधी काढता आला असता, तर प्रश्नच सुटला असता. मग ती म्हणाली, “पण आपल्या कॉम्प्युटरची मेमरी तर मोजकीच आहे. सगळी मेमरी अगदी पहिल्यासारखी पुन्हा झाली, की तो गोल फिरून राह्यला, हे पक्कं.”

हा मुद्दा खरा होता, आणि तो तिला आपला आपण सुचला होता. इतकं सुचणाऱ्या पोरीला मी न होणाऱ्या कामाला लावलं होतं, याचंच मला वाईट वाटलं. मी म्हटलं, मोजक्या मेमरीत तत्त्वतः ते जमतं. पण तीनशे बटणं असतील, प्रत्येक चालू किंवा बंद, तर त्यांच्या इतक्या तऱ्हा होतात की दिसणाऱ्या विश्वातले अणूही तेवढे नाहीत. आणि कॉम्प्युटरमध्ये बटणं अब्जावधी. छोट्या प्रोग्रॅमसाठी वापर, चांगली युक्ती आहे. सगळ्यांसाठी नाही पुरणार.

“मॅडम, हे तर आपल्याले मागच्या साली होतं,” ती हळूच म्हणाली.

होतं. शेवटच्या युनिटमध्ये, परीक्षा तोंडावर आल्यावर मी दोन तासांत उरकलं होतं. ती गेल्यावर मी कपाट उघडून मागच्या वर्षीच्या चाचणीचे पेपर काढले. तिचा पेपर सापडला. हीच सिद्धता तिने सुवाच्य अक्षरात, एकही पायरी न चुकता लिहिली होती. मी आठपैकी आठ दिले होते, आणि बाजूला लाल पेनने ‘छान’. तिने पाठ केलं होतं, मी तपासलं होतं. आपण काय लिहिलं ते तिला कळलं नव्हतं, आणि ते कळलं नाही हे मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांकडे गेले. ते कामाने पिचलेले, पण माणूस म्हणून वाईट नाहीत.

“सर, टायटल चुकलंय. बदलून द्या.”

“मुदत जानेवारीतच संपली, बाई. आता विद्यापीठाकडून होत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “डेमोत कोणते प्रोग्रॅम दाखवायचे ते तर आपल्याच हातात आहे ना? जे चालतात तेच दाखवा. दर वेळी बरोबर येईल. कोण खोलात जातं?”

मी हे तिला जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं, पण दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

“अन् परीक्षा घ्याले येणाऱ्या बाहेरच्या सरांनी स्वतःचा प्रोग्रॅम देला तर?” ती म्हणाली. “तवा तो खोटं बोलन.”

पुढचे दोन महिने तिने सगळं पुन्हा लिहिलं. आता उत्तरं तीन होती: ‘थांबेल’, ‘थांबणार नाही’, आणि ‘सांगता येत नाही’. पहिली दोन उत्तरं कारण दाखवता आलं तरच द्यायची, नाहीतर तिसरं. मला ते बघून बरं वाटलं. या प्रश्नाला प्रामाणिकपणे देता येण्यासारखं तेवढंच उत्तर आहे.

व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, मे महिन्यात झाली. कूलर नुसता आवाज करत होता. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले, पहाटेपासून प्रवासात, अजून सहा गट बाकी. त्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम टाइप केला, एकात एक अशा तीन फेऱ्या असलेला. तिने तो चालवला. स्क्रीनवर आलं, ‘सांगता येत नाही.’

“हे काय?”

“सर, जिथं सिद्ध करता येते तिथंच हो किंवा नाही म्हणते. ते कधी चुकत नाही. बाकी ठिकाणी अंदाज नाही करत.”

“टायटलमध्ये तर ‘कोणताही’ आणि ‘अचूक’ लिहिलंय.”

ती माझ्याकडे बघणार असं मला वाटलं. तिने नाही बघितलं. खडू घेऊन ती फळ्याकडे गेली आणि उलट्याची गोष्ट सांगू लागली. या वेळी ती पाठ केलेली नव्हती. स्वतःचा प्रोग्रॅम मोडून ती दाखवत होती, आणि मी इतक्या वर्षांत कधी सांगितली नाही इतकी स्वच्छ सांगत होती. अर्ध्यात असताना परीक्षकांनी घड्याळ बघितलं.

“थिअरी ठीक आहे. पण जे कबूल केलं ते झालेलं नाही, बरोबर?”

“हो सर,” ती म्हणाली. “ते होतच नाही.”

मी मध्ये बोलले. “सर, टायटलवर सही माझी आहे. चूक माझी आहे, तिची नाही.”

“असेल, मॅडम. पण मार्क तर गाइडला द्यायचे नसतात.” रागाने नाही म्हणाले, थकून म्हणाले. आणि पुढच्या गटाला बोलवा म्हणाले.

पास होण्यापुरते मार्क आले. तिच्यानंतरच्या गटाने हजेरी घेणारं अॅप दाखवलं, त्यांना भरघोस मिळाले. मी विभागाकडून पत्र पाठवलं. व्हायवाचे मार्क पुन्हा तपासले जात नाहीत, असं दोन ओळींचं उत्तर आलं.

ऑगस्टमध्ये ती दाखला न्यायला आली, सोबत तिची याडी. तांड्यावर आईला याडीच म्हणतात. बाई स्टाफरूमच्या दाराशी उभी राहिली, आत बसा म्हटलं तरी बसली नाही. मुलगी ऑफिसात गेल्यावर तिने विचारलं, “मॅडम, पोरीनं वर्षभर काय केलं? मले सांगते, पण समजत नाही.”

मी म्हटलं, “यंत्राला एखादं काम दिलं, तर ते पुरं होईल की नुसतं फिरत राहील, हे ती आधी सांगायला बघत होती. पण सगळ्या कामांबद्दल असं सांगणं कुणालाच शक्य नाही. जिथं सांगता येतं तिथं तिनं सांगितलं. जिथं येत नाही, तिथं येत नाही म्हणाली.”

“मंग खरंच बोलली ना?”

“खरंच बोलली.”

“मंग मार्क काहून कमी?”

माझी सही, जानेवारीची मुदत, परीक्षकांचे सहा गट, यातलं काय सांगावं ते सुचेना. तेवढ्यात मुलगी दाखला घेऊन आली, आईला तांड्याच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिचे खांदे धरून तिला वर उठवलं. नोकरीचं विचारलं. पाहून राह्यली, म्हणाली.

दारव्ह्याची गाडी सव्वातीनची होती. दोघी निघाल्या. मी गेटपर्यंत त्यांच्यासोबत गेले आणि ऑटो मिळेपर्यंत उभी राहिले.