पल्लवीनं कापलेलं भाषण

हुलसूरच्या बाजारात पल्लवीचं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. माहेर हळ्ळीखेडचं. नवरा तानाजी कॅमेरा धरतो, बाकी सगळं ती बघते. शिकवलं कुणीच नाही. लेकराला मांडीवर थोपटत मोबाईलवर बघून शिकली. तोंड माझ्याइतकंच तिखट, म्हणून आमचं जमतं.

गावच्या ओढ्यात एक कारखाना घाण, फेसाळ पाणी सोडतो. काठच्या नागूबाईच्या विहिरीला वास येतो, आणि प्यायला तिला दुसरं पाणी नाही. प्रदूषण मंडळाकडं ऑनलाइन तक्रार करायचा तो शेवटचा दिवस. तीनपर्यंत मुदत, व्हिडिओ पन्नास एमबीच्या आत हवा. माझा व्हिडिओ बारा मिनिटांचा : तीन मिनिटं ओढा, नऊ मिनिटं मी. तो घेऊन मी पल्लवीचं दुकान गाठलं.

"ग्राफिक कार्डावर एक्सपोर्ट मारते, अण्णा, फाईल झटक्यात बारकी हुतीय. चहा पिऊस्तोर होतंय."

खरंच झालं. माझा चेहरा झकास. मग ओढा आला, आणि फेसाचे चौकोनी ठोकळे! मी उखडलो.

"हे काय गं? पीठ कालवल्यागत दिसायलंय!"

"वरडू नगा, चूक माझी हाय. लग्नाची सवय. तिथं पेनड्राईव्ह मोठा असतोय, बिटरेट, म्हंजे दर सेकंदाला जागा, वाढवून सोडते, कार्डाचं कच्चं काम कुणाला कळत न्हाई. हितं जागाच कमी. तुमचं तोंड एका जागी हाय, ते बसलं. फेसाचा बुडबुडा न् बुडबुडा हलायलाय, आन् कार्ड घाईत उरकतंय. प्रोसेसरवर सावकाश केलं तर तेवढ्याच जागेत बारीक टिपतंय."

"मग कर की!"

"तीन तास लागत्याल. मशीन म्हातारी हाय."

घड्याळात बारा वाजून गेले होते.

"एक इलाज हाय," ती म्हणाली. "तुमचं भाषण काढू. यळ बी वाचतोय, पन्नास एमबी सगळे फेसाला मिळत्यात."

"भाषण कामून? त्यात मुद्दे हायत!"

"मुद्दे अर्जात लिवा. इहिरीचं पाणी कोण प्यायलंय, तुमी का नागूबाई?"

माझं भाषण कापणारी माणसं या तालुक्यात फार नाहीत.

"नाव-गावापुरतं एक वाक्य तरी ठेव."

"ठेवते. टोपी सरळ असलेलं."

तिनं प्रोसेसरवर टाकलं. पंखा घुरघुरायला लागला, मशीन दुसऱ्या कामाला हलेना. सिद्धलिंगप्पा लेकीच्या लग्नाचा पेनड्राईव्ह न्यायला आले, तर म्हणाली, "उद्या या, अप्पा. आज वढ्याचं लगीन हाय." अप्पा हसत गेले. तासाभरात फाईल तयार झाली. बुडबुडे मोजता येतील इतके स्वच्छ. दोनच्या ठोक्याला मी ती चढवली.

दुसऱ्या आठवड्यात पाण्याचे नमुने घ्यायला मंडळाची माणसं आली. साहेबानं मोबाईलवर तोच व्हिडिओ लावून जागा विचारली. नागूबाईनं डोळे बारीक करून बघितलं.

"व्हय, ह्योच फेस," ती म्हणाली. "वास तेवढा येईना झालाय ह्यातून."

साहेबानं बाटली भरायला घेतली.