हमीपत्राची तिसरी अट

चौतीस वर्षे मी न्यायालयात लिपिक होतो. कागदावर जे लिहिलेले नाही ते घडलेले नाही, या समजुतीवर माझे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर मंगरूळपीरच्या घरातही ती सवय सुटली नाही. रस्त्यावरचा दिवा बंद असला तरी मी पत्र लिहितो, रजिस्टरने पाठवतो आणि पोचपावती फाईलला लावतो. पत्नी या फायलींना ‘तुमची दुसरी बायको’ म्हणत असे. आता म्हणत नाही.

तिचे गुडघे बरीच वर्षे दुखत होते. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात जीपवर कर्णा लावून एक माणूस जडीबुटीची पूड विकत असे. तिने डबा आणला तेव्हा मी हरकत घेतली. पण डब्यासोबत एक छापील हमीपत्र होते आणि त्यावर शिक्का होता. तेथेच माझी हरकत संपली. डब्यावर ‘शंभर टक्के वनस्पती, दुष्परिणाम नाही’ एवढेच होते. आत कोणत्या वनस्पती, किती प्रमाणात, कोणाच्या परवान्याने, यांपैकी काहीही नव्हते. जमिनीच्या व्यवहारात सातबारा नसेल तर मी पक्षकाराला दारातून परत पाठवले असते. पत्नीच्या पोटात जाणाऱ्या वस्तूचा सातबारा मी मागितला नाही.

हमीपत्राच्या अटी मात्र चष्मा लावून वाचल्या. कोर्स तीन महिन्यांचा. अट दुसरी : सुरुवातीला खाज सुटणे, लघवी पिवळी होणे ही शरीरातील दोष बाहेर पडत असल्याची चिन्हे समजावीत. अट तिसरी : औषध मध्येच बंद केल्यास कोणतीही तक्रार ग्राह्य धरली जाणार नाही.

पहिला महिना बरा गेला. गुडघे हलके वाटतात, असे ती म्हणाली. दुसऱ्या महिन्यात ती दुपारची झोपू लागली. गावातल्या बाजाराला शेजारणीबरोबर पायी जाणारी बाई, आता अंगणातून आत येताना भिंत धरू लागली. मग जेवण सुटले. फोडणीचा वास आला की तिला मळमळे. मी वही काढली. डाव्या बाजूला तारीख, उजवीकडे तक्रार. ‘भूक नाही.’ ‘उजव्या बरगडीखाली जड वाटते.’ ‘तळहाताला, तळपायाला खाज, अंगावर पुरळ नाही.’ चार दिवसांनी : ‘लघवी काळ्या चहासारखी. पाणी भरपूर पिऊनही तशीच.’

नोंदी उत्तम होत्या. पुरावा म्हणून त्यांत खोट काढता आली नसती.

औषध बंद करू का, असे तिने विचारले तेव्हा मी तिला तिसरी अट वाचून दाखवली. आपण होऊन कोर्स मोडला तर अटीचा भंग आपल्याकडून होईल, तो माणूस मोकळा सुटेल, असे समजावले. विक्रेत्याच्या पत्त्यावर मी रजिस्टर पत्र पाठवले होते. सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल. उत्तर येईपर्यंत सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा चालू ठेवायचा, असा माझा निर्णय झाला.

तिने चमचा हातात घेतला आणि म्हणाली, “तुमी कागद पाहून राह्यले. माह्या तोंडाकडं कोन पाह्यते?”

मी पाहिले नाही. तिच्या बहिणीने पाहिले. ती कामरगावहून आली, उंबऱ्यातच थांबली, बहिणीची हनुवटी धरून तिला उजेडाकडे वळवले आणि डोळ्यांची पापणी खाली ओढली.

“भाऊजी, हिचे डोये हळदीसारखे झाले. तुमाले दिसत नाही का?”

कावीळ म्हटल्यावर गल्लीत दोन सल्ले तयार होते. एकीने काविळीची माळ आणायला सांगितले, दुसरीने रिकाम्या पोटी आणखी कसला तरी रस. मी अजूनही पोस्टमनची वाट पाहत होतो. मेहुणीने कोणालाही विचारले नाही. डबा, हमीपत्र आणि माझी वही पिशवीत घातली आणि बहिणीला ऑटोत बसवले. मी मागून चढलो.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा लहान असेल. तिने डोळे पाहिले, पोट दाबून पाहिले, संडासचा रंग फिका झाला आहे का, ते विचारले. झाला होता, त्याचीही नोंद होती. मग तिने वही उघडली आणि पाने उलटत गेली. मला वाटले, कौतुक करेल.

“बाबा, हे सगळं तुम्ही लिहिलंय?”

“होय. तारीखवार.”

“आणि औषध चालूच ठेवलं?”

मी तिसरी अट सांगू लागलो. तिने हात वर करून मला थांबवले. आवाज चढवला नाही; चढवला असता तर मला सोपे गेले असते. ती म्हणाली, “भूक गेली, मळमळ सुरू झाली, त्याच दिवशी डबा बंद करून इथे यायचं होतं. खाज आणि काळी लघवी म्हणजे दोष बाहेर पडणं नव्हे, लिव्हर दुखावल्याची खूण आहे. डोळे पिवळे होईपर्यंत थांबायचं नसतं.”

पूड त्या क्षणापासून बंद. गुडघ्यांसाठी ती घरीच करून घेत असलेला गुळवेलीचा काढाही बंद. दुखण्याची कोणतीही गोळी मनाने घ्यायची नाही. डबा टाकायचा नाही. तो तपासणाऱ्यांना दाखवावा लागतो. मेहुणीला तिने वेगळे बजावले : बाई गुंगीत गेली, बोलण्यात असंबद्धपणा आला, हिरड्यांतून रक्त आले किंवा पोट फुगले, तर कोणाचीही वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठायचे. ‘कोणाचीही’ म्हणताना तिने माझ्याकडे पाहिले.

रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे असायला हवेत त्याच्या कित्येक पट निघाले. त्याच दिवशी अकोल्याला पाठवले. तेथे विषाणूंची कावीळ नाही हे तपासले, सोनोग्राफीत पित्ताची वाट मोकळी निघाली. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे रोज पाहत होते. तो आकडा बिघडला तर यकृत काम सोडत आहे असे समजायचे, हे मला तेथे कळले. मी व्हरांड्यात बसून त्या एका आकड्याची वाट पाहत असे. त्या दिवसांत मी एकही पत्र लिहिले नाही.

आकडा बिघडला नाही. पूड थांबल्यावर यकृत आपले आपण सावरू लागले. खाज शेवटपर्यंत चिवट राहिली, डोळे पांढरे व्हायला दोन महिने लागले. ही पूड पुन्हा चिमूटभरही घ्यायची नाही, दुसऱ्या वेळी शरीर इतकी मुभा देईलच असे नाही, असे डॉक्टरांनी सुटी देताना सांगितले.

घरी विक्रेत्याचे छापील उत्तर येऊन पडले होते. रुग्णाने कोर्स अपूर्ण सोडल्याने अट क्रमांक तीननुसार तक्रार ग्राह्य धरता येत नाही. त्या ओळीवर मी संतापलो; मी पत्र लिहिले तेव्हा तर औषध चालूच होते. आणि मग आठवले की हीच ओळ मी स्वतः, घरात, तिला वाचून दाखवली होती. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच होता की तो शेलूबाजारला राहत होता.

औषध प्रशासनाकडे अर्ज करायला बसलो. डबा, हमीपत्र, तपासणीचे कागद जोडले. वही जोडताना हात अडला. ज्या पानावर मी ‘उत्तर येईपर्यंत औषध चालू’ असे लिहिले होते, ते पान पट्टीने सरळ फाडता आले असते. पत्नी समोर गहू निवडत होती. अर्ज वाचून दाखवा म्हणाली. मी वाचला. मजकूर कडक होता. तो माणूस कोठेही सुटत नव्हता.

“मंग तुमी कुठं आहा यात?” तिने विचारले.

मी अर्ज पुन्हा लिहिला. चौथ्या परिच्छेदात नमूद केले की लक्षणे दिसू लागल्यानंतरही रुग्णाच्या पतीने तिला औषध चालू ठेवण्यास भाग पाडले. वही सगळ्या पानांसह जोडली.

तिने तो परिच्छेद दोनदा वाचायला लावला आणि सही केली. तिचे गुडघे आजही दुखतात. आता काही घ्यायचे असले की ती बहिणीला फोन करते आणि दोघी त्या डॉक्टरकडे जाऊन विचारून येतात. मला विचारत नाही.