कलाबाईचं दही का लागेना

जानेफळात बेबीताई दूध संकलन केंद्र चालवतात. बाई तापट आहे असं गाव म्हणतं, आणि ते खरं आहे. दुधात पाणी सापडलं की त्या कॅन परत करतात आणि वर चारचौघांत सुनावतातही. पण निवृत्तीभाऊंवर त्या जशा चिडल्या, तसं त्यांना आधी कोणी पाहिलं नव्हतं.

निवृत्तीभाऊ गावातले मोठे शेतकरी. त्या सकाळी त्यांचं दूध गाळताना फडक्यावर बारीक गुठळ्या राहिल्या. बेबीताईंनी थोडं दूध वाटीत घेऊन तपासणीचं जांभळं औषध टाकलं आणि वाटी गोल फिरवली. दूध अंड्याच्या बलकासारखं चिकट झालं. गाईला दगडी, म्हणजे कासेचा आजार झाला, लगेच डॉक्टर बोलवा, असं सांगून त्यांनी दूध नाकारलं. मग चुकीचं बोलून बसले नाही ना, हे बघायला स्वतः गोठ्यावर गेल्या.

गाईच्या कासेचा मागचा उजवा भाग गरम आणि टणक होता. पशुवैद्यक राजकुमार यांनी त्या थानाची पहिली धार काळ्या ताटलीत काढली. पिवळसर पाणी आलं आणि त्यात फाटल्यासारखे कण. थानाच्या तोंडातून जंतू आत शिरले आहेत, ते म्हणाले. त्यांच्याशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी दुधात उतरतात, खारटपणा वाढतो, दुधाचा कस जातो. उकळून जंतू मरतील, पण काही जंतू दुधात जे विष सोडतात ते उकळूनही जात नाही. त्यांनी थानात औषधाची नळी रिकामी केली. हे औषध रक्तातून बाकीच्या थानांतही उतरतं, म्हणून औषध संपून पाकिटावरची मुदत सरेपर्यंत चारही थानांचं दूध विकायचं नाही, वासरालाही पाजायचं नाही, असं बजावून ते गेले.

निवृत्तीभाऊ केंद्रावर यायचे थांबले. दूध ओतून टाकत असतील, असं बेबीताईंनी गृहीत धरलं.

मग बसस्टँडवर चहा आणि ताक विकणारी कलाबाई केंद्रावर आली, विरजणाला थोडं दही मागायला. तिचं दही लागतच नव्हतं. विरजण बदललं, मडकं बदललं, तरी सकाळी दूध तसंच पातळ. दूध कोणाचं घेतेस, असं बेबीताईंनी विचारलं. निवृत्तीभाऊंचं, ती म्हणाली, स्वतः आणून देतात.

बेबीताईंच्या कानशिलात रक्त चढलं. गाईला दिलेलं औषध दुधात उतरलं की दह्याचे जंतूही मारतं, हे त्यांना माहीत होतं. दूध ओतून टाक, असं कलाबाईला सांगून त्या तडक गोठ्यावर गेल्या. निवृत्तीभाऊंची धार नुकतीच काढून झाली होती.

"तीन थानांचं दूध चांगलं हाये," ते शांतपणे म्हणाले. "गाठ नाही, पाणी नाही. मी काय जहर विकून राह्यलो?"

"दिसत नाही म्हणूनच विकून राह्यले तुम्ही. माह्या पोरीले, महामायाले, अशाच औषधाचं इंजेक्शन देलं होतं, तं तोंड सुजलं, दम अडकला. मेहकरले नेईपर्यंत मी तिचा श्वास मोजत होती. स्टँडवर कोणाचं लेकरू तुमचं दूध पेते, तुमाले मालूम हाये काय?"

निवृत्तीभाऊंनी बादली उचलली. "तुमच्या घरचं पाणी आमी आत्ता-आत्ता प्यायले लागलो," ते म्हणाले, "अन् तुमी मले दूध शिकवता."

तेवढ्यात गव्हाणीपाशी उभी असलेली निवृत्तीभाऊंची बायको पुष्पांजली पुढे आली. तिने नवऱ्याच्या हातातली बादली काढून घेतली आणि अख्खं दूध उकिरड्याच्या खड्ड्यात ओतलं. मग बेबीताईंकडे वळून म्हणाली, "दूध साफ दिसलं तं यायनं औषधबी मधातच बंद केलं, ताई. काल त्या थानातून पुन्हा पाणी आलं."

ते ऐकून बेबीताईंचा राग दुप्पट झाला. गाय मागचा पाय उचलून उभी होती, कासेला घासायला नको म्हणून. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

पुन्हा पूर्ण औषध झालं, पण ते थान वाचलं नाही. आत कडक झालं आणि आटलं. ती गाय आता तीन थानांवर दूध देते.

मुदत सरल्यावर निवृत्तीभाऊ पुन्हा केंद्रावर येऊ लागले. बेबीताई त्यांचं दूध सगळ्यांसमोर वाटीत घेऊन तपासतात आणि चांगलं असलं की घेतात. दूध घेण्यापुरतंच बोलतात. गावातल्या दोघा-तिघांनी सांगून पाहिलं की आता सोडून द्या, गाय बरी झाली, दही लागतंय. दुधाचं सोडलं, असं बेबीताई म्हणतात. घरच्या पाण्याबद्दल निवृत्तीभाऊ जे बोलले, ते त्यांनी परत घेतलेलं नाही.