बारा नावांचा पाठ

माझी जीभ आधी चालते आणि डोकं मागून येतं. आई पेडण्याच्या घरी हे रोज ऐकवायची आणि मी रोज तिच्याशी भांडायचे. ते खरं होतं, हे कळायला मला डिचोलीत यावं लागलं.

पाळी गावाच्या बाजूला, खाणीजवळच्या एका वाड्यावर मी प्रौढांचा संध्याकाळचा वर्ग घेत होते. प्राथमिक शाळेची एक खोली, सात ते साडेआठ, वीस माणसं. त्यातली बारा एकाच टोळीतली, सिंधुदुर्गातून आलेली आणि खनिज भरायच्या कामावरची. बाकीची आठ गावातली, बहुतेक शेतकाम करणाऱ्या बायका. तेरावा एक रोज यायचा तो टोळीचा मुकादम. तो चटईवर बसत नसे. दाराजवळच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर बसायचा, खिशाला पेन लावून. "मी बसतंय म्हणान ही येतत," असं मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं त्यानं. मीही त्याला हजेरीत धरत नव्हते.

वर्गात तीन तऱ्हा होत्या. सात जणांना अडखळत वाचता येत होतं. सहा जणांना अक्षरं येत होती पण जोडता येत नव्हती. उरलेल्या सातांना पाटी कशी धरायची तेही नवीन होतं. एकाला शिकवावं तर दुसरा जांभया देतो आणि तिसरा घाबरतो. प्रशिक्षणात आम्हांला सांगितलं होतं, वाचता येणाऱ्याच्या शेजारी न येणाऱ्याला बसवा, जोड्या लावा, काम आपोआप होतं. आपोआप कसलं होतं! येणारा दोघांचं करून मोकळा व्हायचा आणि न येणारा मान डोलवत बसायचा. मला ते दिसत होतं, पण वर्ग गप्प चालला आहे यातच मी समाधान मानत होते.

त्या शुक्रवारी गावातली एक बाई आली नाही आणि जोडीला एक कमी पडला. टोळीतली एक म्हातारी, जिला मी मावशी म्हणत असे, एकटी उरली. ती अगदी पहिल्या पायरीवरची. मी मुकादमाला म्हटलं, "तुम्ही बसा हो मावशीबरोबर, नुसतं वाचून दाखवायचंय." त्याच्या हातात कार्ड दिलं. वर चार चित्रं, खाली चार वाक्यं, मुद्दाम उलटसुलट क्रमानं लावलेली. त्यानं वाक्य वाचायचं, मावशीनं चित्रावर बोट ठेवायचं.

तो घडाघडा बोलत होता. मी पाठीमागून जाताना ऐकलं, तर तो वाक्यं सोडून चित्रांच्या क्रमानं बोलत होता. आणि माझी जीभ सुटली. "मुकादम, तिसरं वाक्य ते नाही हो. नीट वाचा की!" सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

कोणी हसलं नाही. मावशीनं चटकन चित्रावर भलतीकडेच बोट ठेवलं आणि म्हणाली, "माजाच चुकला, बाईनू." मुकादमानं कार्ड मेजावर ठेवलं, ट्रक बघून येतो म्हणाला आणि गेला. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. चष्मा लागला असेल, एवढंच मनात आलं.

सोमवारी टोळीतलं कोणी आलं नाही. गावातल्या आठ बायका आणि मावशी, बस्स. मावशीला मी व्हरांड्यात घेतलं आणि विचारलं. तिनं सरळ सांगितलं. मुकादमाला अक्षर येत नव्हतं. आजवर तो तोंडानं सांगायचा आणि कंत्राटदाराचा कारकून हजेरी लिहायचा. "आता पयल्या तारकेपासून मस्टर तेनाच लिवूचा, असा नवीन कारकुनान सांगल्यान. येना नाय तर परत फावडा हातात." म्हणजे तो माणूस कदेलीवर बसून, कानांनी आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून, महिनाभर माझ्याकडे शिकायचा प्रयत्न करत होता. आणि मी काय केलं होतं?

पहिल्या तारखेला आठ दिवस होते. शिवाय गुरुवारी पर्यवेक्षक येणार होते. पटाच्या निम्म्याहून कमी माणसं दिसली तर वर्ग बंद, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. विसातल्या नऊ जणांवर मी काय दाखवणार होते?

मंगळवारी दुपारभर मी पाठाचा आराखडा करत बसले. उंडा पाव आणि चहा पुढ्यात तसाच राहिला. पहिला आराखडा: मुकादमाला वेगळं शिकवायचं. फाडला, कारण वेगळं बसवलं की सगळ्यांना कळणार. दुसरा: सारख्या पातळीच्या जोड्या. तोही फाडला, त्याला पाटीवाल्यांत बसवणं म्हणजे दवंडी पिटणं. तिसरा: त्याला वाचणाऱ्याबरोबर बसवायचं. शुक्रवारी तेच तर केलं होतं, उलट्या बाजूनं. मला रडू आलं आणि रागही आला, स्वतःचाच. एका माणसाची भाकरी जाणार आणि मी कागद फाडतेय.

मग सुचलं ते साधंच होतं. त्याला अक्षर येत नाही, पण त्याला असं काय येतं जे वाचणाऱ्याला येत नाही? त्याच्या टोळीची बारा नावं, कोण कुठला, कोण कुठल्या ट्रकवर. जोडीतल्या ज्याला वाचता येत नाही, माहिती त्याच्याकडे असली पाहिजे. म्हणजे वाचणाऱ्यालाच त्याला विचारावं लागेल.

आराखडा असा झाला. विषय सगळ्यांना एकच, हजेरी. आधी दहा मिनिटं मी आणि मावशी सगळ्यांसमोर करून दाखवणार, नुसत्या सूचना द्यायच्या नाहीत. मग जोड्या पाठीला पाठ लावून बसणार, म्हणजे कोणी कोणाचं बघणार नाही आणि कोणाच्या हातात काय आहे ते कोणाला कळणार नाही. एक सांगणारा, एक लिहिणारा. सांगणाऱ्यानं नावं सांगायची, लिहिणाऱ्यानं यादी करायची. मग सांगणाऱ्याला नावांची सुटी कार्डं द्यायची. लिहिणाऱ्यानं यादीतलं नाव कुठूनही वाचायचं, क्रम मोडून, आणि सांगणाऱ्यानं ते कार्ड शोधून काढायचं. क्रम मोडायचा हे मी दोनदा अधोरेखित केलं, कारण पाठांतर हुशार माणसाला तारून नेतं आणि तिथंच ठेवतं. मधल्यांच्या कार्डांवर नावाचं पहिलं अक्षर गाळलेलं, ते त्यांनी भरायचं. जे लवकर आटपतील त्यांनी प्रत्येक नावापुढं एक वाक्य लिहायचं. शेवटी एकेकानं एक तरी नाव स्वतःच्या हातानं लिहायचं.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर मी कार्डं लिहिली. मग संध्याकाळी मुकादमाच्या खोलीवर गेले आणि माफी मागितली. त्यानं माझ्याकडे न बघता ऐकून घेतलं. "बगतंय," एवढंच म्हणाला.

बुधवारी तो आला. कदेलीपाशी क्षणभर थांबला आणि चटईवर बसला. गावातल्या आठ जणी, मावशी आणि तो. पाच जोड्या. त्याच्या पाठीला पाठ लावून मी गावातली शिंपीण बसवली, तिला बऱ्यापैकी लिहिता यायचं. तिनं एकेक नाव विचारलं, त्यानं सांगितलं, चुकलं तिथं तिला परत ऐकवलंही. आवाज मुकादमाचा लागला होता. मग कार्डं. शिंपीण वाचत होती, पहिलं, नववं, चौथं. तो कार्डं मांडीवर पसरून शोधत होता, ओठ हलवत. पहिली दोन चुकली. तिसरं बरोबर. कपाळावर घाम, पण मान वर नाही. बारातली सात कार्डं त्यानं काढली. मी मनात मोजत होते. शेवटी त्यानं खिशातलं पेन काढलं आणि कार्ड समोर ठेवून मावशीचं नाव लिहिलं. पेनात शाई होती, हे मला तेव्हा कळलं.

मला इतका आनंद झाला की परत जीभ सुटली. "मुकादम, उद्या साहेब येणार आहेत. तुमच्या माणसांना आता येऊ द्या की!"

तो गोंधळला. "मी तेंका येव नको म्हणाक नाय. माका वाटला, तुमीच रागावलात."

"मग का येत नाहीत ती? मावशी, तू सांग."

मावशी कार्डं गोळा करत राहिली. मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आमी समोर बसलो तर तो शिकाचो नाय. म्हणान ती थांबली. चार दिवस तेका शिकांदे म्हणाली."

मुकादमानं हळूच विचारलं, "म्हणजे तेंका म्हायत असा?"

"आमका कितक्या वर्सांपासून म्हायत असा," मावशी म्हणाली. तिच्या बोलण्यात माया होती. पण ते ऐकताना त्या माणसाचा चेहरा मी बघितला, आणि अजून दिसतो. त्यानं पेन खिशाला लावलं, चप्पल घातली आणि गेला.

गुरुवारी सात वाजता टोळीतली अकराही माणसं हजर होती. अंघोळी करून, केसांना तेल लावून. मुकादमानं प्रत्येकाच्या खोलीवर जाऊन सांगितलं होतं की जा, बाईचा वर्ग बंद पडेल. मावशी धरून बारा, गावातल्या आठ, वीस पुरे. पर्यवेक्षक आले, पाठीला पाठ लावून बसलेल्या जोड्या बघून आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग कार्डं हातात घेऊन बघितली, आराखडा मागून घेतला आणि चांगला शेरा लिहिला. दाराजवळची कदेल रिकामी होती.

मी शुक्रवारी त्याच्या खोलीवर गेले, शनिवारी गेले, रविवारी गेले. कुलूप होतं. वास्कोला भावाकडे गेला आहे, असं शेजारी म्हणाले. मी सात कार्डं वेगळी आणि पाच वेगळी बांधून ठेवली होती. पाचच राहिली होती हो. तीन संध्याकाळींत झालं असतं.

पहिल्या तारखेला तो परत आला. बाहेरून आणलेल्या नव्या मुकादमानं मस्टर लिहिलं. त्या संध्याकाळी मावशी वर्गाला लवकर आली आणि माझ्या मेजापाशी उभी राहिली. सकाळी मस्टरचा कागद शेडमध्ये लावला होता, तिनं सांगितलं. बाराच्या खाली तेरावं नाव आलं होतं. तो फावडं घेऊन त्या कागदासमोर बराच वेळ उभा होता. वरची नावं बोट लावून वाचत होता. सात नाही, बाराही वाचली त्यानं. मग सगळ्यांसमोर मावशीला विचारलं, "ह्यातला माजा नाव खयचा?"

मी कार्डं काढून बघितली. बारा होती. मुकादम मस्टर लिहिणार, म्हणून त्याचं नाव त्यात नव्हतं. मी ते कधी लिहिलंच नव्हतं.